हजेरीपट आडवा वाचला तर

१९२९ साली हार्टोग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शाळांबद्दल एक आकडा मांडला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत पोचली होती फक्त १८. उरलेली ८२ वाटेत गळाली होती, नाहीतर खालच्याच वर्गात अडकून पडली होती. आज चित्र इतकं पालटलं आहे की तो आकडा वाचताना विश्वास बसत नाही. वाडीवस्तीवरच्याही जवळजवळ प्रत्येक मुलाचं नाव पहिलीच्या पटावर येतं आणि बहुतेकांचं चौथीपर्यंत टिकतं. मात्र गळती थांबलेली नाही, ती वर सरकली आहे. २०२१-२२ च्या सरकारी यूडायस आकडेवारीत देशातली प्राथमिक स्तरावरची गळती दीड टक्क्याच्या आसपास आहे आणि माध्यमिक स्तरावरची १२.६ टक्के.

सात-आठ वर्षं शाळेत काढलेलं मूल नववी-दहावीच्या उंबरठ्यावर का सोडून जातं? विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: गरिबी, लग्न, काम, ‘त्याला गोडीच नव्हती’. यातली पहिली तीन खरी आहेत. पण ज्या घरातलं मूल शाळेची पायरी पहिल्यांदाच चढत असतं, तिथे गळतीची सुरुवात फार आधी झालेली असते, आणि ती कशी होते हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

समजा, बीड जिल्ह्यातली एक मुलगी चौथीत आहे. आईबाप ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती मार्च-एप्रिलमध्ये परतते. मुलगी बरोबर जाते, कारण धाकट्या भावाला खोपीत कोण सांभाळणार? शाळा सोडली तेव्हा वर्गात गुणाकार चालू होता. परत आली तेव्हा भागाकार होऊन गेला होता, अपूर्णांकही उरकत आला होता. जूनमध्ये ती पाचवीत गेली. पाचवीतलं गणित भागाकार येतो असं धरूनच पुढे चालतं. तिला तो कुणी शिकवलेलाच नाही. पुढच्या दिवाळीला ती पुन्हा गेली.

वर्गात मात्र ती गप्प बसून फळ्यावरचं उतरवून घेते. अक्षर वळणदार, वही नीटनेटकी, पानागणिक लाल शाईची बरोबरची खूण. शिकलेल्या घरात आईने आठवड्यातून एकदा वही उघडली असती, ‘हे वाचून दाखव बरं’ म्हणाली असती आणि पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. इथे आई वही हातात घेते, भरलेली पानं पाहते आणि समाधानाने मिटते. बघून उतरवणं आणि वाचता येणं यांतला फरक तिला दिसणार कसा? मुलीच्या शिक्षणाची ओढ तिलाही आहे. फक्त शाळेत राहून गेलेलं घरी भरून काढणारं दुसरं माणूस त्या घरात नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचं खरं वेगळेपण मला इथे दिसतं. इतरांच्या मुलांना दोन शाळा असतात, एक सरकारी आणि एक घरची. या मुलीला एकच आहे.

ही मुलगी अपवाद नाही. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या दर दहा मुलांपैकी सुमारे तिघांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता. अशा मुलाने नववीत विज्ञानाचं पुस्तक उघडून काय करायचं? रोज सहा तास न कळणाऱ्या गोष्टी ऐकत बसणं हे कष्टाचं काम आहे, आणि त्याची मजुरीही मिळत नाही. मग एखादं निमित्त पुरतं.

शाळांना हे वेळेत का दिसत नाही, याचं उत्तर शाळेच्याच टेबलावर पडलेल्या हजेरीपटात आहे. आपल्याकडे हजेरीपट उभा वाचला जातो. रोज तारखेच्या रकान्याखाली बेरीज होते, कारण पोषण आहारासाठी आणि वर कळवण्यासाठी तोच आकडा लागतो. ४० चा वर्ग, आज ३४ हजर. उद्या ३४, परवा ३४. पंच्याऐंशी टक्के, कुणाचीच तक्रार नाही.

आता महिन्याचे २५ दिवस धरा. एकूण घरं हजार, त्यातली दीडशे रिकामी. ही दीडशे रिकामी घरं चाळीस मुलांत सारखी वाटली गेली असतील, तर प्रत्येक जण महिन्यात तीन-चार दिवस गैरहजर होता, ताप-पडसं आणि लग्नकार्य एवढंच. पण तीच दीडशे घरं दहा मुलांची असतील, तर ती दहा जणं महिन्यातले पंधरा दिवस शाळेत नव्हती. आणि सहाच मुलांची असतील तर? सहा गुणिले पंचवीस, बरोबर दीडशे. ती सहा मुलं महिनाभर शाळेत आलेलीच नाहीत! तिन्ही वर्गांत तळाची सरासरी एकच, पंच्याऐंशी टक्के. फरक फक्त आडव्या ओळीत दिसतो. गळणारं मूल बहुधा कित्येक महिने आधी त्या ओळीत दिसू लागतं, पण आडवी बेरीज कुणी मागत नाही म्हणून ती कुणी पाहत नाही.

महिनाअखेरीची आडवी बेरीज तासाभराचं काम आहे. ज्याचे २५ पैकी २० दिवसही भरले नाहीत, त्याच्या नावासमोर कारण लिहायचं. ‘पालक उदासीन’ असं नव्हे, एका शब्दात खरं कारण: भावंड, गुरं, बाजार, दुखणं, मजुरी. दोन-तीन महिन्यांत वेगवेगळ्या ठेवणी उमटू लागतात. एक मुलगा दर मंगळवारी नसतो, कारण गावचा आठवडी बाजार मंगळवारी आणि भाजीच्या पाटीपाशी त्याला बसावं लागतं. सातवीतली मुलगी दर महिन्याला चार दिवस नसते. तिच्यासाठी दाराला कडी आणि आत पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं, प्रबोधन नको. तिसरी एक मुलगी शेजारीण बाळंत झाल्यापासून येतच नाही, कारण ते मूल तिच्या कडेवर आहे. वरून सगळे सारखेच ‘गैरहजर’, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा.

हे ज्यांनी फार लवकर ओळखलं, त्यांचं काम आठवलं की आजही मन भरून येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा चालवली. मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बहीण भावाला कडेवर घेऊन आली की तो पाळणाघरात आणि ती वर्गात. या मांडणीला त्यांनी ‘विकासवाडी’ म्हटलं. काही मुलं गुरांमागे जातात हे दिसलं, तर गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, तीच कुरणशाळा. मुलाच्या गैरहजेरीचं कारण त्यांनी शाळेची मांडणी बदलण्यासाठी वापरलं. आज बऱ्याच गावांत अंगणवाडी शाळेच्या आवारात किंवा हाकेच्या अंतरावर असते. दोन्हींची वेळ जुळवली आणि अंगणवाडीताई धाकट्याला थोडा जास्त वेळ ठेवून घ्यायला तयार झाली, तर कडेवरचं मूल हे कारण पुष्कळ अंशी मिटतं. खर्च जवळपास नाही, फक्त दोन बायांनी एकत्र बसून ठरवायचं आहे.

ऊसतोडीच्या मुलांचं मात्र एवढ्यावर भागत नाही. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे: मूल गावातच आजीकडे किंवा नातेवाइकाकडे राहतं आणि दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती देते. कल्पना उत्तम, पण घोडं अडतं ते वेळेवर. जेवण सुरू होईपर्यंत टोळी निघून गेलेली असली की मूलही गेलेलं असतं. वास्तविक कोण जाणार हे गावाला पावसाळ्यातच ठाऊक असतं, कारण उचल तेव्हाच घेतलेली असते. शाळेने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घरोघर विचारून यादी केली, मूल कुणाकडे राहील हे आजीशी बोलून ठरवलं आणि प्रस्ताव दसऱ्याच्या आत पाठवला, तर बरीच मुलं मागे राहतात. सगळी राहणार नाहीत. ज्या घरी आजीआजोबा नाहीत, तिथे वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. अशा मुलीच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेला तिची इयत्ता कळते, आणि ती परतेल तेव्हाची तयारी करून ठेवायची.

ही परतीची तयारी शाळांकडून सर्वांत जास्त राहून जाते. मूल आलं की थेट चालू धड्यावर बसवलं जातं. त्याऐवजी पहिल्या दिवशी चार पायऱ्यांची छोटी चाचणी घ्यावी: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे अडखळेल तिथून सुरुवात. रोज पाऊण-एक तास, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट, फक्त वाचन आणि गणित. २००१ च्या सुमारास मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’चा प्रयोग झाला. वस्तीतलीच एक तरुण मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवी. त्याची काटेकोर मोजणी झाली, आणि सर्वांत मागच्या मुलांनाच सर्वांत जास्त फायदा झाल्याचं दिसलं. एकशिक्षकी शाळेत हे कठीण जातं, हे मान्य. तिथे गावातल्या बारावी झालेल्या मुलीची मदत घ्यावी. मात्र हा तास बुडवून त्या जागी वार्षिक परीक्षेची उजळणी घेऊ नये. हमखास होतं ते हेच.

आणखी एक फट आहे. गावची शाळा चौथीला, पाचवीला किंवा सातवीला संपते आणि पुढची शाळा दुसऱ्या गावी असते. जून महिन्यात एका पटावरून नाव कमी होतं, दुसऱ्यावर चढतच नाही, आणि दोन्ही शाळा निर्धास्त असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, पण हे त्या घरी सांगणार कोण? मुख्याध्यापकांनी जुलैत एकदा पुढच्या शाळेत जाऊन आपल्या यादीतली नावं तिथल्या पटाशी ताडून पाहावीत. जे नाव सापडणार नाही, त्या घरी त्याच आठवड्यात जावं. वर्षभर लांबलं तर ते मूल परत आणणं दसपट अवघड होतं.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तुम्ही अशा समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत इमारतीच्या रंगाचा विषय थोडा मागे ठेवा आणि गुरुजींना या महिन्याच्या हजेरीपटाची आडवी बेरीज वाचून दाखवायला सांगा. वीस दिवसांच्या खाली असलेली नावं ऐका, त्यांतली घरं आपापसात वाटून घ्या आणि त्याच संध्याकाळी जाऊन या.