परत आलेला मेल आणि काळी यादी

समजा, एका पतसंस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. सोमवारी सकाळी सभासदांना पाठवलेली पत्रे एकामागून एक परत येऊ लागतात आणि प्रत्येकीच्या तळाशी तीच ओळ असते:

```
554 5.7.1 Service unavailable; Client host [203.0.113.25] blocked using zen.spamhaus.org
```

(हा पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे.) पहिली शंका इंटरनेट कंपनीवर जाते, पण उत्तर त्या ओळीतच आहे. पत्र घेणाऱ्या सर्व्हरने आधी स्पॅमहाउसच्या यादीत डोकावून पाहिले, तिथे हा आयपी पत्ता सापडला आणि त्याने दारातूनच नकार दिला. स्पॅमहाउस ही 1998 साली स्टीव्ह लिनफर्ड यांनी सुरू केलेली संस्था. ती कुणाचा मेल अडवत नाही, फक्त यादी ठेवते. यादी मानायची की नाही, हे घेणारा ठरवतो.

ही चौकशी डीएनएसमधून होते, म्हणून ती आपणही करू शकतो. आयपीचे चार आकडे उलट्या क्रमाने लिहायचे आणि पुढे यादीचे नाव जोडायचे:

```
dig +short 25.113.0.203.zen.spamhaus.org
```

काहीच उत्तर आले नाही, तर पत्ता यादीत नाही. उत्तर आले, तर त्याचा शेवटचा आकडा वाचायचा, कारण ‘झेन’ या एका नावाखाली अनेक याद्या आहेत. 127.0.0.2 म्हणजे एसबीएल, म्हणजे माणसांनी तपासून केलेली नोंद. 127.0.0.3 म्हणजे सीएसएस, जिथे संशयास्पद मेल पाठवणारे पत्ते आपोआप टिपले जातात. 127.0.0.4 म्हणजे एक्सबीएल, व्हायरस शिरलेल्या यंत्रांची यादी. 127.0.0.10 किंवा 11 आले, तर तो पीबीएल. तिथे गुन्हा काहीच नसतो. घरगुती जोडणीसारख्या पत्त्यांवरून थेट मेल जाऊ नये, एवढेच ती यादी सांगते.

इथे एक फसगत नेहमी होते. गूगलच्या 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारले, तर स्पॅमहाउस 127.255.255.254 असे उत्तर देते. त्याचा अर्थ ‘तुम्ही यादीत आहात’ असा नसून ‘या वाटेने विचारू नका’ असा आहे. अशा वेळी check.spamhaus.org वर पत्ता टाकून पाहावे. तिथे नोंदीचे कारणही वाचायला मिळते.

आपल्या पतसंस्थेला 127.0.0.3 मिळाले. आता लगेच ‘नाव काढा’ म्हणण्याचा मोह होतो, पण कारण तसेच असेल तर पत्ता पुन्हा यादीत जातो आणि पुढची विनंती पटवून देणे अवघड होत जाते. आधी लॉग उघडायचा. सर्व्हर पोस्टफिक्सवर चालत असेल, तर लॉगिन करून कोणी किती मेल पाठवले हे असे मोजता येते (लॉगची जागा प्रणालीप्रमाणे बदलते):

```
grep -o 'sasl_username=[^, ]*' /var/log/mail.log | sort | uniq -c | sort -rn | head
```

बाकीच्यांची संख्या दहा-वीस आणि हिशेब विभागाच्या खात्याची मात्र हजारोंत, तीही मध्यरात्रीनंतर. म्हणजे पासवर्ड चोरीला गेला आहे. तो बदलायचा, खात्यात कोणी गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम लावला आहे का ते पाहायचे आणि, जे बरेचजण विसरतात, रांगेत अडकलेले स्पॅम पुसून टाकायचे. ते राहिले तर यादीतून नाव निघाल्यावर तेच आधी बाहेर पडतात.

लॉग स्वच्छ असेल, तर नजर कार्यालयातल्या संगणकांकडे वळवावी. सगळे एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर जातात, त्यामुळे एका यंत्रातला व्हायरस परस्पर मेल पाठवत असला तरी बोल सर्व्हरलाच लागतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याची खूणही नसते. राउटरवर पोर्ट 25 सर्व्हरखेरीज सगळ्यांना बंद करणे हा त्यावरचा उपाय. कोणते यंत्र तिथे धडका मारते आहे, तेही मग राउटरच्या नोंदीत दिसते.

मगच विनंती. सीएसएस आणि एक्सबीएलची नोंद त्याच संकेतस्थळावरचा फॉर्म भरून काढता येते. सर्व्हर खरोखर मेलसाठी असेल आणि पत्ता कायमचा असेल, तर पीबीएलचीही. एसबीएलसाठी मात्र तुम्ही लिहून उपयोग नाही. पत्ता ज्या कंपनीच्या जाळ्यातला आहे, तिच्या तक्रार विभागाने लिहावे लागते. फॉर्ममध्ये ‘आम्ही स्पॅम पाठवत नाही’ असे लिहिणे फुकट. ‘एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला होता, तो बदलला, रांग रिकामी केली’ हे लिहावे. स्पॅमहाउस यासाठी पैसे घेत नाही, म्हणून त्याच्या नावाने पैसे मागणाऱ्याला टाळावे. काही याद्यांना तर विनंतीचीही गरज नसते. स्पॅमकॉपवर तक्रारी थांबल्या की नोंद साधारण 24 तासांत आपोआप गळते.

नाव निघाले तरी जुने उत्तर काही सर्व्हरांच्या डीएनएस साठवणीत थोडा वेळ राहते, त्यामुळे पहिल्या काही पत्रांना नकार आला तर घाबरू नये. शिवाय जीमेल आणि मायक्रोसॉफ्ट आपापला वेगळा हिशेब ठेवतात. स्पॅमहाउसने सोडले म्हणून ते सोडतीलच असे नाही. मायक्रोसॉफ्टची व्यावसायिक मेलसेवा अडवत असेल, तर sender.office.com वर स्वतंत्र विनंती करावी लागते.