फाइल उघडत नाही, पण आवाज आत आहे

मंडळी, मागच्या भागाचं रेकॉर्डिंग चाळिसाव्या मिनिटाला आलं आणि माझा लॅपटॉप बंद पडला. परत चालू केला, तर वेव्ह फाइल कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. पाहुण्यांना पुन्हा बोलवायचं कुठल्या तोंडाने?

आधी फाइलचा आकार पाहिला: साधारण २२० एमबी. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो रेकॉर्डिंग मिनिटाला साडेपाच एमबीच्या आसपास जागा घेतं. म्हणजे चाळीस मिनिटं आतच होती!

मग अडलं कुठे? वेव्ह फाइलच्या सुरुवातीला हेडर असतो. पुढे आवाज किती आहे, हा आकडा त्यात बहुतेक वेळा रेकॉर्डिंग थांबवल्यावर भरला जातो. तो राहून गेला, म्हणून प्लेअरला फाइल रिकामी वाटत होती.

मी फाइलची कॉपी काढली आणि कॉपीवरच काम केलं. ऑडॅसिटीत `File > Import > Raw Data` मधून ती घेतली. `Signed 16-bit PCM`, `Little-endian`, `1 Channel (Mono)` आणि `48000` निवडलं. सुरुवातीला हेडरचा बारीक ‘टक्’ ऐकू आला, तो कापला. पुढे सगळं बोलणं जसंच्या तसं! लगेच नवी वेव्ह फाइल एक्स्पोर्ट केली.

तुमच्याकडे नुसती खरखर आली, तर बिट चुकलेत. आवाज भरभर किंवा रेंगाळत आला, तर सॅम्पल रेट नाहीतर चॅनल चुकलाय.

शेवटचे काही सेकंद मात्र गेले, कारण ते डिस्कवर पोचलेच नव्हते. आणि हो, एमपी३ किंवा एम४एमध्ये आवाज दाबून भरलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणून मी रेकॉर्डिंग वेव्हमध्येच करतो.