झोपेची गोळी आणि विमानतळ

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळणाऱ्या एक बाई मुलाबरोबर लेकीकडे दिल्लीला निघाल्या होत्या. मुंबई विमानतळावर सामान तपासणीची रांग पाहून त्यांना धडकीच भरली. पर्समध्ये क्लोनाझेपामच्या 20 गोळ्या होत्या. ‘नशेच्या गोळ्या म्हणून धरतील’ या भीतीने त्या गोळ्या कचरापेटीत टाकायला निघाल्या. मुलाने हात धरला, ‘‘आई, एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय ना?’’

ते खरेच होते. दोन वर्षे रोज घेतलेली ही गोळी अचानक थांबवली, तर झोप उडते, जीव घाबरतो, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागते. शिवाय चिठ्ठीवर लिहून दिलेल्या अशा 100 गोळ्यांपर्यंत स्वतःच्या उपचारासाठी जवळ बाळगायला आपला कायदा परवानगी देतो.

गोळ्या मूळ पाकिटात होत्या, चिठ्ठीही सोबत होती. पर्स यंत्रातून गेली. कोणी काही विचारलेही नाही.

दुबईला जायचे असते, तर मात्र एवढ्यावर भागले नसते. तिथे या गोळीसाठी प्रवासाआधीच सरकारची परवानगी काढावी लागते.