दळण चालू असताना निवेदकाने काय करावं?

नव्या वस्तूच्या अनावरणाची संहिता म्हणजे निवेदकाच्या तोंडची वाक्यं, असा बहुतेकांचा समज असतो. जाणता निवेदक मात्र ती दोन रकान्यांत लिहितो. डावीकडे बोलायचं ते, उजवीकडे त्या क्षणी घडायचं ते. ध्वनिव्यवस्थेवरचा माणूस, दिव्यांवरचा माणूस आणि यंत्रापाशी उभा तंत्रज्ञ हे सगळे उजव्या रकान्यावर चालतात.

समजा, एक छोटा उद्योग सभागृहात आपली नवी घरघंटी लोकांसमोर आणतो आहे. संहिता प्रात्यक्षिकापासूनच लिहायला घ्यावी, कारण बाकीची वेळ त्यावर ठरते. घरघंटी ताशी आठ किलो ज्वारी दळत असेल तर अर्ध्या किलोला जवळजवळ चार मिनिटं लागतील. मंचाकडे नुसतं बघत बसायला एवढा वेळ फार झाला. पाव किलोचं पीठ दोन मिनिटांत हाती येतं. मोटर चालू असताना बोललेलं धड ऐकू जात नाही, उलट माइक तिचाच आवाज वाढवतो. म्हणून जाळी, मोटर, किंमत हे सगळं आधी सांगून टाकायचं. मग डाव्या रकान्यात एवढंच:

‘तुमच्यापैकी गिरणीत दळण ठेवून दुसऱ्या दिवशी आणायला जाणारे किती? हात वर करा. मावशी, तुम्ही या, ही ज्वारी तुमच्या हाताने ओता. दोन मिनिटं मी गप्प बसतो. दाबा बटण!’

उजवीकडे: ‘हात वर करा’ला प्रेक्षकांवर दिवे, ‘ओता’ला तंत्रज्ञ तयार, ‘दाबा बटण’ला माइक बंद. हे शब्द ऐनवेळी बदलले की सगळ्यांचीच चुकामूक होते. हात वर करायला लावणारा प्रश्न मला टाळ्या मागण्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. मागून मिळालेल्या टाळ्या लगेच विरतात.

धोका विजेचा असतो. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. ती ध्वनिव्यवस्थेच्याच लाइनवर असेल तर खटका पडून माइकही जाऊ शकतो. घरघंटीला वेगळी लाइन घ्यावी आणि रंगीत तालमीत सगळं एकदम चालू करून पाहावं. तरीही यंत्र अडलंच तर संहितेत वाक्य तयार हवं: ‘तंत्रज्ञ बघताहेत, तोवर सकाळी याच यंत्रावर दळलेलं पीठ तुमच्याकडे फिरवतो.’ ताट खरोखरच सकाळी भरून ठेवलेलं असावं.

पीठ प्रेक्षकांच्या हातून फिरत असतानाच आभाराला सुरुवात करावी. ज्वारी ओतणाऱ्या मावशी, मग यंत्र घडवणारे कारागीर, पाहुणे, वीज आणि ध्वनी सांभाळणारे. नावं ज्याची त्याला विचारून, उच्चारासह लिहून घ्यावीत. चहा-नाश्त्याची घोषणा अगदी शेवटच्या ओळीत ठेवावी. ती आधी झाली की खुर्च्या सरकू लागतात आणि उरलेली नावं कुणीच ऐकत नाही.