अंधारात अठ्ठ्याहत्तर सेकंद

२६ मार्च २००६ रोजी जर्मनीत हॅम्बर्गच्या एअरबस कारखान्यात एका हँगरमध्ये मिट्ट काळोख करण्यात आला. आत ए-३८० हे नवंकोरं दुमजली विमान उभं होतं आणि त्यात ८५३ प्रवासी, १८ केबिन क्रू आणि दोन वैमानिक पट्टे बांधून बसले होते. खिडक्यांवर पडदे ओढलेले. विमानाला सोळा दारं, पण त्यांतली आठच उघडणार होती; ती कोणती, हे आत कोणालाच ठाऊक नव्हतं. इशारा झाला, नेहमीचे दिवे गेले आणि फक्त आपत्कालीन दिवे उरले. ८७३ माणसांतला शेवटचा माणूस जमिनीवर आला तेव्हा ७८ सेकंद झाले होते. एकाचा पाय मोडला आणि तीसेक जणांना किरकोळ इजा झाल्या. विमान पास झालं.

४४ पेक्षा जास्त आसनांच्या विमानासाठी नियम आहे तो ९० सेकंदांचा. अमेरिकेत १९६५ मध्ये अशी चाचणी आली तेव्हा मुदत दोन मिनिटांची होती. दोन वर्षांत ती दीड मिनिटावर आली आणि चाचणीची जबाबदारी विमान बनवणाऱ्यावरही टाकली गेली. कोणाला बसवायचं हेही ठरलेलं असतं. निदान चाळीस टक्के स्त्रिया, निदान पस्तीस टक्के लोक पन्नाशीपुढचे, आणि तीन प्रवाशांच्या हाती तान्ह्या बाळाच्या आकाराच्या बाहुल्या. गेल्या सहा महिन्यांत अशा चाचणीत भाग घेतलेला माणूस चालत नाही. केबिन क्रूही रोजच्या ड्युटीवरचाच हवा, खास तालीम दिलेला नको. मार्गिकांत मुद्दाम बॅगा, उशा, ब्लँकेटं टाकून ठेवतात. निम्मी दारं बंद ठेवण्याचं कारण साधं आहे: विमानाच्या एका अंगाला आग लागली, तर त्या बाजूची दारं गेलीच.

आता हे गणित दारापाशी जाऊन पाहू. ८७३ माणसं, आठ दारं, म्हणजे एका दाराच्या वाट्याला सुमारे १०९. दार उघडून स्लाइड फुगून तयार व्हायला सुरुवातीचे दहा-बारा सेकंद गेले असं धरलं, तर माणसं उतरायला सहासष्ट-सदुसष्ट सेकंद राहतात. ए-३८०ची स्लाइड दुपदरी आहे, दोन रांगा शेजारी शेजारी घसरतात. तरीही प्रत्येक रांगेतून दर सव्वा सेकंदाला एक माणूस सुटायला हवा. एक जण उंबरठ्यावर तीन सेकंद घुटमळला, तर मागच्या दोघांची वेळ त्यानं खाल्ली. म्हणूनच दाराशी उभा असलेला क्रू ओरडत असतो, वेळ पडली तर ढकलतोही. त्याला स्वतःला लोंढ्यात न सापडता उभं राहता यावं म्हणून दारालगत मोकळी जागा ठेवावीच लागते. दुमार्गी मोठ्या विमानात मार्गिकांपासून अशा दारापर्यंतची वाट तीन फूट रुंद असावी लागते.

विमानात किती माणसं बसवता येतील, हेही शेवटी दारंच ठरवतात. साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट उंच अशा सर्वांत मोठ्या प्रकारच्या दाराच्या एका जोडीमागे ११० आसनांची मुभा मिळते. ए-३८०च्या खालच्या मजल्यावर अशा पाच जोड्या आहेत, वर तीन. म्हणजे नियमाप्रमाणे कमाल ५५० आणि ३३०. चाचणीला खाली ५३८ आणि वर ३१५ माणसं बसवली होती, आणि मंजूर झालेला आकडा तोच, ८५३. प्रत्यक्षात एकाही विमान कंपनीनं एवढी गर्दी केली नाही. एमिरेट्सची सर्वांत दाट मांडणीही ६१५ आसनांची. मग एवढी माणसं कोंबून चाचणी कशाला? पुढे कोणी आसनं वाढवली, तर पुन्हा सगळा खटाटोप नको म्हणून.

उड्डाणापूर्वी क्रू दारं ‘आर्म’ करतो, म्हणजे स्लाइड विमानाच्या उंबरठ्याला अडकवून ठेवतो. त्यानंतर दार उघडलं की स्लाइड आपोआप बाहेर पडते. सिलिंडरमधला दाबाखालचा वायू सुटतो, तो वाटेत बाहेरची हवाही खेचून घेतो आणि काही सेकंदांत स्लाइड ताठ होते. पंचवीस नॉटच्या वाऱ्यातही ती भरकटता कामा नये. ए-३८०च्या वरच्या मजल्याचा उंबरठा जमिनीपासून जवळपास आठ मीटरवर. एवढ्या उंचीवरून अंधारात उडी मारायला माणूस बिचकणारच; म्हणून वरच्या स्लाइडच्या कडा उंच ठेवल्या, खालची खोली डोळ्यांत भरू नये म्हणून. मला तरी या विमानातली ही सर्वांत शहाणी तजवीज वाटते.

चाचणीत एक गोष्ट मात्र आणता येत नाही, ती म्हणजे जिवाची भीती. ऑगस्ट १९८५ मध्ये मँचेस्टरला एका बोइंग ७३७ला धावपट्टीवरच आग लागली आणि १३७ पैकी ५५ जण गेले, बहुतेक धुरानं. पंखावरच्या छोट्या दाराचं जड झाकड सुटून आत पडलं आणि वाट अडली. पुढच्या अरुंद जागेतही माणसं अडकली. त्यानंतर इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या संशोधकांनी एक चलाख प्रयोग केला. स्वयंसेवकांना मानधन दिलंच, पण पहिल्या निम्म्या लोकांत जो बाहेर पडेल त्याला वरती पाच पौंड. तेवढ्यासाठीसुद्धा माणसं आसनांवरून उड्या मारू लागली, अरुंद दारात एकमेकांत रुतून बसली. वाट किती रुंद असली म्हणजे चेंगराचेंगरी होत नाही, हे त्यातून मोजता आलं. पंखावरच्या दारालगतच्या आसनांमधली मोकळी जागा वाढली ती याच धड्यांतून, आणि नव्या ७३७ मध्ये ते झाकड आत न पडता वरच्या बिजागरीवर बाहेर उघडतं.

उलट, चाचणी जास्त खरी करायला गेलं की माणसं जखमी होतात. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात एमडी-११ विमानाच्या चाचणीत एका साठ वर्षांच्या स्त्रीला कायमचा पक्षाघात झाला. तेव्हापासून पूर्ण चाचणी टाळण्याकडे कल आहे. आधीच्या विमानाशी साम्य असलं, तर जुनी मोजमापं आणि हिशेब यांवर बरंचसं भागवतात.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. आत ३७९ जण होते. आठ दारांपैकी तीनच वापरता आली, पुढची दोन आणि मागचं डावं. केबिनमधली घोषणा यंत्रणा बंद पडली होती, पुढचं चाक मोडून विमानाचं नाक खाली झुकलं होतं आणि मागची स्लाइड त्यामुळे फारच उभी झाली होती. क्रूनं भोंग्यावर आणि ओरडून सूचना दिल्या, बाहेर आग आहे का हे खिडकीतून पाहूनच दारं उघडली. सगळे वाचले, पण विमान उतरल्यापासून शेवटचा माणूस बाहेर यायला अठरा मिनिटं लागली.

म्हणजे ९० सेकंद हा प्रवाशाला दिलेला शब्द नाही; एकाच मापानं सगळ्या विमानांची दारं, स्लाइडी आणि मार्गिका तोलायचा तो काटा आहे. त्या काट्यात कोण बसतं यावर वाद चालूच आहे. आसनं जवळ आणल्यानं सुटकेला उशीर होतो का हे पाहायला अमेरिकेच्या एफएएनं २०१९-२०च्या हिवाळ्यात ओक्लाहोमा सिटीत प्रयोग केले. स्वयंसेवक सातशेवर होते, पण सगळे धडधाकट आणि १८ ते ६० वयाचे. कुबड्या घेतलेला, पाठ धरलेला किंवा सत्तरीतला प्रवासी त्यांत नव्हता.