टक्क्यांची बेरीज का फसते?

२००७ साल संपलं तेव्हा सेन्सेक्स २०,२८६.९९ वर होता. पुढच्या वर्षी जगभरच्या बाजारांबरोबर आपलाही बाजार कोसळला आणि २००८ च्या अखेरीस तो ९,६४७.३१ वर आला. २००९ मध्ये उसळी घेऊन १७,४६४.८१ वर गेला आणि २०१० संपताना २०,५०९.०९ वर थांबला. टक्क्यांत सांगायचं तर पहिल्या वर्षी ५२.४५ टक्के घट, दुसऱ्या वर्षी ८१.०३ टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १७.४३ टक्के वाढ.

या तिन्हींची बेरीज येते अधिक ४६.०१. तिनाने भागली की वर्षाला सरासरी १५.३४ टक्के. मुदत ठेववाल्याला हेवा वाटावा असा आकडा आहे. पण २००७ च्या अखेरीस या निर्देशांकात लावलेल्या एक लाखाचे तीन वर्षांनी झाले किती? लाभांश बाजूला ठेवला तर १,०१,०९५ रुपये. तीन वर्षांत मिळून एक टक्क्याच्या जरासे वर.

यात कोणी लबाडी केलेली नाही. तिन्ही टक्के बरोबर आहेत, चुकली आहे ती बेरीज. लाखाचे पहिल्या वर्षी ४७,५५४ रुपये उरले. गेलेले ५२.४५ टक्के हे लाखावरचे होते, पण पुढच्या वर्षीचे ८१.०३ टक्के उरलेल्या ४७,५५४ वर मिळाले. म्हणजे गेले ५२,४४६ आणि परत आले ३८,५३५. दरवर्षीची टक्केवारी त्या त्या वर्षीच्या सुरुवातीच्या रकमेवर मोजली जाते. ती रक्कमच बदलत असेल, तर टक्के एकत्र कसे मिळवणार?

खरा हिशेब गुणाकाराचा आहे. पहिल्या वर्षी पैसा ०.४७५५ पट झाला, दुसऱ्या वर्षी त्याच्या १.८१०३ पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या १.१७४३ पट. या तीन संख्यांचा गुणाकार सुमारे १.०१०९ येतो आणि लाखाचं उत्तर जुळतं. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला परतावा म्हणतो तो साधा परतावा म्हणजे या पटीतून एक वजा करून उरलेला भाग. तो एक वजा केला की गुणाकाराची साखळी तुटते.

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या अनेकांनी लॉग टेबलची पानं उलटलेली असतील. मोठाले गुणाकार टाळण्यासाठी दोन्ही संख्यांचे लॉग काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि उलट तक्त्यातून उत्तर शोधायचं. जॉन नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही युक्ती परताव्यालाही लागू पडते. पटीचा नैसर्गिक लॉग काढला की मिळतो तो लॉग परतावा. २००८ चा येतो उणे ०.७४३३, २००९ चा अधिक ०.५९३५ आणि २०१० चा अधिक ०.१६०७. बेरीज ०.०१०९. ही बेरीज उलटी फिरवली की १.०१०९ पट, म्हणजे तेच १,०१,०९५ रुपये.

इथपर्यंत ही निव्वळ गणिती हातचलाखी वाटू शकते. म्हणून व्याजाकडे वळू. जेकब बर्नोलीने सतराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला होता. एक रुपया वर्षाला शंभर टक्के दराने ठेवला आणि व्याज वर्षाअखेरीस एकदाच मिळालं, तर दोन रुपये होतात. सहामाही चक्रवाढ केली तर सव्वादोन. दरमहा केली तर सुमारे २.६१, दररोज केली तर सुमारे २.७१. वाढ होत राहते, पण बेताबेताने. व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिसळू लागलं तरी रक्कम २.७१८२८ च्या आसपास येऊन थांबते. हीच ती e नावाची संख्या.

अखंड चक्रवाढीत एखाद्या कालखंडाचा दर हा e चा घातांक असतो. आधी a दराने आणि मग b दराने पैसा वाढला, तर रक्कम e^a × e^b पट होते, आणि हा गुणाकार म्हणजेच e^(a+b). घातांकांची बेरीज होते हे आपण आठवी-नववीत शिकलो. लॉग परतावा म्हणजे नेमका हा घातांक. अखंड चक्रवाढीत व्याज शिल्लक ठेवून वर्षाअखेरीस जमा करण्याचा प्रकारच नाही. त्यामुळे काळ कुठेही कापा, वर्षात, महिन्यात किंवा दिवसात, तुकडे जोडले की तोच आकडा येतो.

आता उणे ०.७४३३ चा अर्थही लागतो. तो वाचून ‘७४ टक्के पैसे बुडाले’ असं समजू नये. बुडाले ५२.४५ टक्केच. पैसा वर्षभर क्षणोक्षणी ७४.३३ टक्के वार्षिक दराने झिजत राहिला आणि ही झीज दर क्षणी फक्त उरलेल्या रकमेवर झाली, तर वर्षाअखेरीस जे उरेल ते ४७.५५ टक्के. लॉग परतावा उणे शंभर टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो तो यामुळेच. शिल्लक घटत जाते, शून्य होत नाही.

चढउतार छोटे असले की दोन्ही आकडे जवळजवळ एक होतात. एक टक्का वाढीचा लॉग परतावा ०.९९५ टक्के. दहा टक्के वाढीचा ९.५३, पण दहा टक्के घटीचा उणे १०.५४. रोजच्या भावांवर काम करणाऱ्यांना म्हणूनच लॉग सोयीचा पडतो. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दैनंदिन अस्थिरतेच्या फाइलमध्ये आजच्या भावाला कालच्या भावाने भागून LN घेतलेला रकाना असतो, तो हाच.

घरी ताळा करायचा असेल तर स्प्रेडशीटच्या B2 ते B5 मध्ये वर दिलेले चार बंद भाव भरा. पहिलं सूत्र C3 मध्ये लिहून C5 पर्यंत खाली ओढा, दुसरं कुठल्याही रिकाम्या चौकटीत लिहा:

```
=LN(B3/B2)
=EXP(SUM(C3:C5))-1
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर सुमारे ०.०१०९ यायला हवं. नेहमीची चूक म्हणजे LN ऐवजी LOG लिहिणं. LOG दहाच्या पायावर चालतो, त्यामुळे २००८ साठी उणे ०.३२२८ दिसतं आणि शेवटचं उत्तर बिघडतं. बिघाड नजरेला सहज दिसत नाही, कारण चिन्हं बरोबर असतात. एका वर्षाचा आकडा EXP मधून उलटा फिरवून मूळ पट मिळते का ते पाहिलं की चोर सापडतो.

मात्र लॉग परताव्याची बेरीज काळाच्या दिशेनेच चालते. समजा, दोन शेअर्समध्ये निम्मे निम्मे पैसे लावले. एक ५० टक्के वाढला, दुसरा ५० टक्के पडला. लाखाचे लाखच राहिले, परतावा शून्य. साध्या परताव्यांची सरासरी हेच सांगते. लॉग परतावे मात्र ०.४०५५ आणि उणे ०.६९३१, सरासरी उणे ०.१४३८. म्हणजे न झालेला १३.४ टक्के तोटा कागदावर उमटला. एकाच दिवशी अनेक शेअर्समधले पैसे खरोखर रुपयांनी बेरजेत येतात, तिथे पटींचा गुणाकार नसतोच. म्हणून पोर्टफोलिओचा एका दिवसाचा परतावा आधी साध्या पद्धतीने काढायचा, मग त्याचा लॉग घ्यायचा आणि पुढे दिवसामागून दिवस मिळवायचे. क्रम उलटा केला तर उत्तर चुकतं.

तेव्हा कोणी ‘गेल्या काही वर्षांचा सरासरी वार्षिक परतावा’ सांगू लागला, तर सरासरी कशी काढली ते विचारा आणि पहिल्या व शेवटच्या दिवसाचा भाव मागून घ्या. सेन्सेक्सच्या त्या तीन वर्षांचा खरा वार्षिक चक्रवाढ दर ०.३६ टक्के होता.