शेवाळी की चॉकलेटी?

माझा मावसभाऊ एका साखरपुड्याला शेवाळी पँटवर डाळिंबी शर्ट घालून आला. बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि हा निवांत. त्याच्या मते दोन्ही चॉकलेटी होते, एक जरा गडद, एवढंच. "एकाच रंगातलं घातलंय, मग चुकलं कुठं?" असं त्यानं मला अगदी मनापासून विचारलं.

लाल-हिरवा रंगांधळेपणा म्हणजे सगळं काळंपांढरं दिसणं नव्हे. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशींपैकी लाल किंवा हिरव्या बाजूचा एक प्रकार नीट काम करत नाही. निळ्या-पिवळ्यातला फरक शाबूत राहतो, लाल-हिरव्यातला पुसट होतो. म्हणून डाळिंबी, चॉकलेटी, शेवाळी हे एकाच घरातले वाटतात. जांभळ्यातला लाल अंश हरवला की उरतो निळा. फिकट गुलाबी शर्ट राखाडी समजून घेतला जातो. काहींना गडद लाल तर जवळजवळ काळाच दिसतो.

उजेडानंही घोळ होतो. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन स्वतः असाच रंगांधळा होता. एक गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी दिसे आणि मेणबत्तीच्या प्रकाशात लाल. त्यातूनच त्याला स्वतःच्या दृष्टीची शंका आली आणि 1794 मध्ये त्यानं त्यावर निबंध वाचला. दुकानातल्या दिव्याखाली निवडलेला कपडा दारात नेऊन बघायचा, तो यासाठीच. अर्थात उन्हातही डाळिंबी डाळिंबी दिसेलच असं नाही, तेव्हा रंगाचं नाव दुकानदाराला विचारून घ्यावं.

आम्ही भावाचं कपाट उपसलं. डाळिंबी शर्ट टाकायची गरज नव्हती, पँट तेवढी क्रीम रंगाची हवी होती. एका वेळी शंकेचा रंग एकच, आणि त्याच्या जोडीला पांढरा, क्रीम किंवा नेव्ही ब्लू, हे सूत्र ठरलं. गडदावर फिकट घातलं की फरक त्यालाही दिसतो, कारण उजळ-गडद ओळखायला त्याला अडचण नाही. जोडीचा मोबाइलवर काळापांढरा फोटो काढला की उजळपणातलं अंतर कळतं. पण दोन रंग शोभतात का, हे त्या फोटोतून कळत नाही. शिवाय ज्यांना लाल गडद दिसतो, त्यांना तो शर्ट फोटोतल्यापेक्षाही काळा भासेल. अशांनी डाळिंबीवर काळी पँट टाळलेली बरी, सगळा एकच काळा गोळा दिसतो.

नेव्ही ब्लू आणि जांभळ्याचा प्रश्न मात्र फोटोनं सुटेना. मावशीनं मग सुईदोरा घेतला. आता जांभळ्या कपड्याच्या कॉलरला आतून एक गाठ असते, शेवाळीला दोन, चॉकलेटीला तीन. सकाळी घाईत तो कॉलर उलटवून बोटानं गाठी मोजतो.